तीस संगणकांचं निर्लेखन आणि न सापडणारे तीन

प्रश्न: "मी एका अनुदानित महाविद्यालयात संगणक प्रयोगशाळेत सहायक आहे. मार्च २०११ मध्ये घेतलेले ३० संगणक आता भंगारात काढायचे आहेत. प्राचार्यांनी निर्लेखनाचा प्रस्ताव मला करायला सांगितलाय. डेडस्टॉकच्या नोंदवहीत ३० आहेत, मोजले तर २७ भरतात. ऑफिसमधून म्हणतात, सगळे तीसच दाखवा, एकदाच सुटेल. पुस्तकी किंमत कशी काढायची तेही कळत नाही. कुणाकडे नमुना असेल तर द्या."

नमुना मिळेल, तो कुणीही देईल. पण तुमची अडचण नमुन्याची नाही. एकाच कागदावर दोन वेगळी प्रकरणं बसवायचा आग्रह होतोय, आणि त्या कागदावर पहिली सही तुमची असणार आहे. सत्तावीस संगणक जुने झालेत, हे एक प्रकरण. तीन संगणक जागेवर नाहीत, हे दुसरं. जुनी वस्तू पुस्तकातून काढायची, याला निर्लेखन म्हणतात. दुसरं म्हणजे गहाळ मालमत्ता, आणि तिचा रस्ता वेगळा आहे. जी वस्तू समितीने डोळ्यांनी पाहिलीच नाही तिची 'स्थिती: निरुपयोगी' असं कुणी लिहून दिलं, तर तो अहवालच खोटा ठरतो. मग उरलेले सत्तावीस कितीही खरे असोत, सगळी फाइल संशयात जाते.

मी एका शिक्षण संस्थेच्या मध्यवर्ती कार्यालयात लेखा विभागात नोकरी केली. निवृत्तीनंतर काही महाविद्यालयांचं अंतर्गत लेखापरीक्षण बघतो. 'एकदाच सुटेल' हे वाक्य पुष्कळदा ऐकलंय, आणि सुरुवातीच्या काळात एकदा मीही त्याला मान डोलावली होती. त्या प्रस्तावात काचेच्या नळीचे जुने चाळीस मॉनिटर होते. विक्री झाली, पैसे भरले, पावती फाइलला लागली. वर्षभराने लेखापरीक्षक आले. त्यांनी फाइलमधली वजनकाट्याची चिठ्ठी काढली आणि विचारलं, "एका मॉनिटरचं वजन साधारण किती हो?" पंधरा इंची मॉनिटर बारा किलोच्या आसपास भरायचा. चिठ्ठीवर ३१० किलो होते. चाळीस मॉनिटरचे ४८० व्हायला हवेत. त्यांनी तिथेच भागाकार केला, उत्तर सव्वीसच्या जरा खाली आलं. बाकीचे चौदा विक्रीच्या आधीच गेलेले होते, आणि प्रस्तावातल्या 'चाळीस' या आकड्याखाली माझी तपासणीची सही होती. तेव्हापासून कुठलीही निर्लेखनाची फाइल हातात आली की मी आधी वजनाची चिठ्ठी बघतो.

आधी ते तीन

तीन संगणक चोरीलाच गेले असतील असं लगेच धरू नका. माझ्या अनुभवात निम्म्याहून जास्त 'गहाळ' वस्तू इमारतीतच असतात. कुणी तरी तोंडी सांगून परीक्षा विभागात नेलेला असतो, एखादा ग्रंथालयात पुस्तकांच्या नोंदीला बसवलेला असतो, एखादा राष्ट्रीय सेवा योजनेच्या खोलीत कपाटावर चढवून ठेवलेला असतो. तेव्हा सगळ्या विभागांना प्राचार्यांच्या सहीने एक पत्र काढा: 'आपल्याकडे संगणक विभागाच्या डेडस्टॉक क्रमांकाचा संगणक असल्यास आठ दिवसांत कळवावे.' उत्तरं लेखी घ्या, 'निरंक' असली तरी. जुन्या दुरुस्तीच्या पावत्याही बघा. वॉरंटीत गेलेला संगणक कंपनीने बदलून दिला असेल तर अनुक्रमांक बदलतो, आणि मग समोर असलेली वस्तूसुद्धा नोंदवहीत सापडत नाही.

जो सापडेल तो सत्तावीसमध्ये येईल. जो सापडणार नाही त्याची वेगळी टिप्पणी प्राचार्यांना द्या: कोणता क्रमांक, शेवटच्या प्रत्यक्ष मोजणीत तो होता का, ती मोजणी कधीची, तेव्हा ताबा कुणाकडे होता. त्यावर चौकशी नेमायची की पोलिसांत तक्रार द्यायची की वसुली करायची, हे ठरवणं तुमचं काम नाही, प्राचार्यांचं आणि व्यवस्थापनाचं आहे. तुमचं काम एवढंच, की ती टिप्पणी आवक नोंदवहीतून जावी आणि पोच तुमच्याकडे राहावी. तोंडी सांगितलेलं पुढे कुणालाच आठवत नाही.

वरिष्ठांना 'नाही' म्हणणं अवघड असतं, हे मला समजतं. पण 'नाही' म्हणायची गरजही पडत नाही. "साहेब, समिती प्रत्यक्ष पाहून सही करणार आहे, तिला दाखवायला माझ्याकडे सत्तावीसच आहेत," एवढं पुरतं. समितीतल्या बाकीच्यांनाही सही करायची असते. त्यामुळे तीसचा आग्रह बहुतेक वेळा तिथेच विरतो.

पैसे कुणाचे होते?

स्थिती अहवालाला हात लावण्याआधी २०११ चं बिल आणि त्या वेळचा खरेदीचा ठराव शोधा. संगणक कुठल्या पैशातून आले यावर मंजुरीची साखळी ठरते. त्या काळात बऱ्याच महाविद्यालयांनी काही संगणक विद्यापीठ अनुदान आयोगाच्या अकराव्या योजनेच्या अनुदानातून आणि काही संस्थेच्या निधीतून घेतले होते. कधी तर एकाच बिलात दोन्ही असायचे. समजा, तुमचे दहा आयोगाच्या अनुदानातले निघाले आणि वीस संस्थेचे.

संस्थेच्या पैशातल्या वस्तूंचा शेवटचा शब्द संस्थेच्या व्यवस्थापनाचा असतो. केंद्राच्या अनुदानातून घेतलेली मालमत्ता मात्र अनुदान देणाऱ्याच्या पूर्वपरवानगीशिवाय विकता येत नाही, ही अनुदानाचीच अट असते. केंद्राच्या सामान्य वित्तीय नियमांत याला एक अपवाद आहे: विहित पद्धतीने कालबाह्य किंवा निरुपयोगी ठरवलेल्या वस्तू. आता अपवाद आहे म्हणजे पत्रच नको, असं काही जण वाचतात. माझा सल्ला उलटा आहे. तुमच्या अनुदानाच्या मंजुरीपत्रातली अट शब्दशः वाचा. तिथे वेगळं काही लिहिलं नसेल, तरी समितीचा अहवाल जोडून मंजुरी देणाऱ्या कार्यालयाला एक पत्र टाका. आपल्याकडे ते बहुधा आयोगाचं पुण्यातलं पश्चिम विभागीय कार्यालय असतं. उत्तराला वेळ लागतो, म्हणून या दहांची यादी पहिल्यापासून वेगळी ठेवा. नाहीतर त्या दहांसाठी उरलेले वीसही अडकून पडतात.

शासनाच्या अनुदानातल्या वस्तू असतील तर राज्याचे वित्तीय नियम आणि उच्च शिक्षण विभागाचे आदेश लागू होतात. तिथे साखळी सहसंचालक कार्यालयापर्यंत जाऊ शकते. तुमच्या विभागीय कार्यालयाची चालू पद्धत एकदा विचारून घ्या.

आणखी एक गोष्ट वारंवार विचारली जाते: संस्था नोंदणीकृत न्यास आहे, मग धर्मादाय आयुक्तांची परवानगी लागते का? महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाचं कलम ३६ स्थावर मालमत्तेच्या विक्रीबद्दल आहे. संगणक ही जंगम वस्तू असल्यामुळे ती परवानगी इथे येत नाही. मात्र संस्थेच्या घटनेत जंगम मालमत्तेबद्दल काही मर्यादा घातलेली असेल तर ती पाळावी लागते.

स्थिती अहवाल: 'जुने झाले' पुरत नाही

बहुतेक अहवालांत सगळ्या ओळींसमोर एकच शब्द असतो, 'निरुपयोगी', आणि खाली 'वरीलप्रमाणे' अशा खुणा. लेखापरीक्षक इथेच थांबतो, कारण तीस वस्तू तंतोतंत सारख्या बिघडत नाहीत.

तीन शब्दांतला फरक ध्यानात ठेवा. वस्तू चालते, पण आपल्याला तिची गरज नाही, ती अतिरिक्त. चालते, पण ज्या कामासाठी घेतली ते काम आता तिच्यावर होत नाही, ती कालबाह्य. चालतच नाही आणि दुरुस्ती परवडत नाही, ती निरुपयोगी. तुमच्या सत्तावीसांत हे तिन्ही प्रकार निघू शकतात, आणि प्रत्येकाचा पुरावा वेगळा असतो.

समजा, सत्तावीसांतले एकोणीस चालू होतात आणि आठ होत नाहीत. आठांसाठी दुरुस्ती करणाऱ्याचं लेखी मत घ्या: मदरबोर्ड गेला आहे, सुटा भाग बाजारात नवा मिळत नाही, दुरुस्तीचा अंदाज इतका. एकोणीसांसाठी ते कोणत्या कामाला कमी पडतात ते लिहा. उदाहरणार्थ असं:

'कोअर टू ड्युओ प्रोसेसर, २ जीबी डीडीआर२ रॅम, मदरबोर्ड कमाल ४ जीबी स्वीकारतो. चालू अभ्यासक्रमातील मोबाइल ॲप प्रात्यक्षिकासाठी लागणाऱ्या अँड्रॉइड स्टुडिओला किमान ८ जीबी रॅम आवश्यक. सध्याची विंडोज ७ प्रणाली असून तिचा आधार १४ जानेवारी २०२० रोजी संपला. विंडोज ११ या प्रोसेसरवर अधिकृतपणे चालत नाही. प्रयोगशाळेच्या वापरासाठी कालबाह्य.'

हे लिहिल्यावर सभेत कुणीतरी हटकून विचारतं, "मग लिनक्स टाका की!" प्रश्न चांगला आहे, टाळू नका. हलकं लिनक्स टाकलं तर यातले काही संगणक टंकलेखनाला अजून चालतील. म्हणूनच प्रस्तावाआधी संस्थेच्या बाकीच्या शाळांना एक परिपत्रक पाठवा, 'असे एकोणीस चालू संगणक उपलब्ध आहेत, हवे असल्यास पंधरा दिवसांत मागणी करावी.' कुणी दोन मागितले तर त्यांचं निर्लेखन होत नाही, हस्तांतर होतं. इथल्या डेडस्टॉकमधून वजा, तिथल्या डेडस्टॉकला जमा. कुणीच मागितले नाहीत तर ते परिपत्रक आणि 'मागणी नाही' ही नोंद हाच तुमचा सगळ्यात भक्कम कागद.

अहवाल तक्त्यात करा, प्रत्येक संगणकाला एक ओळ. डेडस्टॉक क्रमांक, निर्मात्याचा अनुक्रमांक, चालू की बंद, कोणते भाग नाहीत आणि समितीचं मत, एवढे रकाने पुरतात. 'कोणते भाग नाहीत' हा रकाना लोक गाळतात, आणि तिथेच घात होतो. एका संगणकाची रॅम किंवा हार्ड डिस्क काढून दुसऱ्याला लावणं हे प्रयोगशाळेत रोजचं आहे, त्यात गैर काही नाही. पण ते लिहिलं नाही, तर रिकामा डबा बघून 'आतलं साहित्य कुणी काढलं' हा प्रश्न विक्रीच्या दिवशी उभा राहतो, आणि तेव्हा उत्तर द्यायला तुम्ही एकटेच असता.

अनुक्रमांकाची चिकटपट्टी पुसली असेल आणि संगणक चालू होत असेल, तर कमांड प्रॉम्प्टवर हे टाका:

```
wmic bios get serialnumber
```

ब्रँडेड संगणकात खरा क्रमांक दिसतो. जुळवलेल्या संगणकात बहुधा `To be filled by O.E.M.` असं काहीतरी येतं. तसं आलं तर तेच लिहा, आणि ओळख डेडस्टॉक क्रमांकावर ठेवा. डब्यावर रंगाने लिहिलेला क्रमांकही नसेल, तर आता स्वतः लिहून मोकळे होऊ नका. समितीसमोर ठरवा आणि तसं अहवालात नमूद करा.

समितीत ताबेदार, म्हणजे तुम्ही, माहिती द्यायला हजर असा, पण सदस्य म्हणून सही करू नका. विभागप्रमुख, लेखापाल, भांडार बघणारी व्यक्ती आणि दुसऱ्या विभागातले किंवा बाहेरचे एक तांत्रिक जाणकार, एवढे पुरतात. ज्याच्या ताब्यात वस्तू होती त्यानेच ती निकामी ठरवली, हे वाचायलाही बरं दिसत नाही.

पुस्तकी किंमत: एकच संगणक, दोन उत्तरं

समजा, एका संगणकाची खरेदी किंमत २८,५०० रुपये, खरेदी मार्च २०११ ची. आजची पुस्तकी किंमत किती, हे संगणकाकडे बघून सांगता येत नाही. ते तुमच्या ताळेबंदातल्या घसाऱ्याच्या दरावर ठरतं.

काही संस्था पुस्तकातही आयकराचेच दर लावतात. संगणकांना हा दर घटत्या शिलकीवर ६० टक्के होता, २०१७-१८ पासून तो ४० टक्के झाला. पहिल्या वर्षी वापर १८० दिवसांपेक्षा कमी, म्हणून निम्मा दर. २८,५०० चे पहिल्या मार्चअखेर १९,९५० झाले. मग सहा वर्षं ६० टक्क्यांनी घटत २०१७ च्या मार्चअखेर ८१ रुपये ७२ पैसे. तिथून आठ वर्षं ४० टक्क्यांनी, आणि ३१ मार्च २०२५ ला उरले १ रुपया ३७ पैसे. सत्तावीस संगणकांची पुस्तकी किंमत मिळून ३७ रुपये.

दुसरीकडे, कित्येक महाविद्यालयांत संगणक 'फर्निचर व साहित्य' या एकाच शीर्षाखाली टाकलेले असतात आणि सगळ्याला सरसकट १० टक्के घसारा लागतो. तोच संगणक तिथे पहिल्या वर्षी ५ टक्के आणि पुढची चौदा वर्षं १० टक्के घटून ३१ मार्च २०२५ ला ६,१९४ रुपयांना उभा असतो. सत्तावीसांचे होतात १,६७,२३८ रुपये.

हा आकडा सभेपुढे आला की गडबड उडते. "पावणेदोन लाखांचा माल आठ हजारांत देताय?" असा प्रश्न येतो. प्रस्तावातच खुलासा द्या: संगणकाचं उपयुक्त आयुष्य धरायला १० टक्के हा दर फारच कमी होता. जो घसारा आधीच्या वर्षांत धरायला हवा होता तो धरला गेला नाही, तो आता एकदम तोटा म्हणून दिसतोय. माल आज स्वस्तात जातोय असा त्याचा अर्थ नाही. सत्तावीस नग समजा ३०० रुपयांप्रमाणे ८,१०० ला गेले, तर उत्पन्न-खर्च पत्रकाला १,५९,१३८ रुपये तोटा पडेल. ती रक्कम ठरावात अंकांत आणि अक्षरांत असू द्या. आकडा न सांगता मंजुरी घेतली आणि तो मार्चअखेर ताळेबंदात निघाला, तर व्यवस्थापनाला आपल्याला फसवल्यासारखं वाटतं, आणि त्यात त्यांची चूक नसते.

हे गणित तुम्ही करू नका. तुम्ही फक्त बिल, खरेदीची तारीख आणि नगसंख्या द्या. आकडा लेखापालाने काढायचा आणि सही करायची, सनदी लेखापालांना दाखवून घ्यायचं. त्यात दोन गोष्टी हमखास अडतात. एक, घसारा सगळ्या गटावर एकत्र काढलेला असतो, प्रत्येक वस्तूवर नाही. मग वर केलं तसं बिलापासून आजपर्यंत वर्षवार हिशेब मांडून एका नगाची किंमत काढावी लागते. मूळ बिलच सापडत नसेल तर डेडस्टॉकातली खरेदी किंमत दाखवा आणि पुस्तकी किंमत का काढता आली नाही हे लिहा. दुसरी अडचण जास्त खोल आहे. आधी भंगारात गेलेल्या वस्तू पुस्तकातून कधी वजाच झालेल्या नसतात. डेडस्टॉकमधून गेल्या, ताळेबंदात जिवंत. तुमच्या प्रस्तावाच्या निमित्ताने लेखापालाने गटाची शिल्लक आणि नोंदवहीची बेरीज ताडून पाहिली तर बरं, पण त्यासाठी हा प्रस्ताव अडवू नये.

अनुदानातले संगणक असतील तर आणखी एक जोडनोंद लागते. ते घेताना दुसऱ्या बाजूला भांडवली अनुदान म्हणून रक्कम उभी केलेली असेल, तर मालमत्ता गेल्यावर तीही त्या प्रमाणात कमी करावी लागते. नाहीतर संगणक नाही आणि अनुदानाची शिल्लक मात्र वर्षानुवर्षं ताळेबंदात लटकते.

एक गैरसमज इथेच काढून टाकतो. पुस्तकी किंमत म्हणजे विक्रीची किंमत नाही. ३७ रुपये पुस्तकी किंमत आहे म्हणून ३७ ला द्यायचं नसतं, आणि १,६७,२३८ आहे म्हणून तेवढे कुणी देणार नसतं. विक्रीसाठी समितीने हातची किंमत, म्हणजे जिच्या खाली माल द्यायचा नाही ती, वेगळी ठरवायची, चालू बाजारभाव विचारून, आणि कुठून विचारला ते लिहून.

सह्यांची साखळी आणि तारखा

प्रस्ताव तुमच्याकडून निघतो, विभागप्रमुख शिफारस करतात, समिती पाहणी करून अहवाल देते, लेखापाल पुस्तकी किंमत लिहितात, प्राचार्य तो महाविद्यालय विकास समितीपुढे ठेवतात, आणि तिच्या शिफारशीसह तो संस्थेच्या व्यवस्थापनाकडे ठरावाला जातो. अनुदानातल्या दहांसाठी पुढे एक पायरी असते, ती वर आलीच आहे. काही संस्थांनी ठरावीक रकमेपर्यंतचे अधिकार प्राचार्यांना दिलेले असतात. तसा ठराव तुमच्याकडे असेल तर साखळी आखूड होते, पण त्या ठरावाचा क्रमांक प्रस्तावात हवा. ती मर्यादा खरेदी किमतीवर मोजायची की पुस्तकी किमतीवर, हेही त्यात बघा. वरच्या उदाहरणात एका मोजणीने तुम्ही ७,६९,५०० वर आहात आणि दुसरीने ३७ वर.

व्यवस्थापनाच्या ठरावात दोन गोष्टी स्वतंत्र वाक्यांत असाव्यात. पहिली, या सत्तावीस नगांच्या निर्लेखनाला मंजुरी. दुसरी, त्यांची विल्हेवाट कशी लावायची, हातची किंमत किती आणि कुणी करायची. निर्लेखन म्हणजे पुस्तकातून काढणं, विल्हेवाट म्हणजे दारातून बाहेर काढणं. पहिल्याची मंजुरी मिळाली म्हणून दुसरं आपोआप होत नाही.

तारखांचं सांगतो, कारण फायली बहुतेक इथे पडतात. समितीच्या अहवालाआधीच्या तारखेचं भंगारवाल्याचं दरपत्रक, ठरावाच्या आधीची गेटपास, विक्रीनंतरची समितीची पाहणी. मी हे तिन्ही एकाच फाइलमध्ये पाहिलेत. लोक अप्रामाणिक असतात असं नाही. खोली रिकामी करायची घाई असते, नव्या संगणकांची गाडी उद्या येणार असते. घाई असेल तर जुने संगणक दुसऱ्या खोलीत कुलूप लावून ठेवा आणि तसं पत्र द्या. मागच्या तारखेचे कागद करू नका.

दारातून बाहेर जाताना

गल्लीतल्या भंगारवाल्याला देणं सोपं असतं आणि तो दोन पैसे जास्तही देतो, कारण तो वायर जाळून तांबं काढतो आणि उरलेलं कुठे टाकतो ते आपण बघत नाही. ई-कचरा व्यवस्थापन नियम, २०२२ हे १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत. त्यांत सूचीतली किमान एक हजार उपकरणं वापरणारी संस्था 'मोठी ग्राहक' धरली जाते आणि तिला ई-कचरा नोंदणीकृत उत्पादक, नूतनीकरण करणारा किंवा पुनर्चक्रण करणारा यांनाच द्यावा लागतो. एकटं महाविद्यालय त्या आकड्यात सहसा येत नाही. तरीही मी नोंदणीकृत पुनर्चक्रण करणाऱ्यांकडूनच दर मागवा म्हणतो. त्याचं नोंदणी प्रमाणपत्र आणि माल मिळाल्याची पावती फाइलला लागली की विल्हेवाटीबद्दलचा प्रश्न तिथेच मिटतो. तीन दरपत्रकं बंद पाकिटात मागवा, समितीसमोर उघडा, तुलनात्मक तक्ता करा. यूपीएसच्या बॅटऱ्या या यादीत मिसळू नका. त्यांना वेगळे नियम आहेत आणि शिशामुळे त्यांना भावही वेगळा मिळतो. एकत्र दिल्या तर तो भाव संगणकांच्या दरात बुडतो.

हार्ड डिस्क आधी काढून घ्या. त्यांत विद्यार्थ्यांचे गुण, पत्ते, कधी बँकेचे तपशीलही असतात. फॉरमॅट मारून भागत नाही, माहिती परत काढता येते. डिस्क आरपार भोक पाडून निकामी करा, किती केल्या त्याची यादी करा, दोघांच्या सह्या घ्या, आणि त्या निकामी डिस्क मालासोबतच द्या. दर मागवतानाच 'हार्ड डिस्क निकामी करून दिल्या जातील' असं लिहा, नाहीतर नंतर खरेदीदार भाव पाडतो.

माल जाताना नग मोजा आणि वजनही करा. नमुन्यादाखल एक डबा आणि एक मॉनिटर आधी तोलून ठेवा. सत्तावीसने गुणून आलेला आकडा काट्याच्या चिठ्ठीशी जुळला की तो कागद तुमच्या बाजूने बोलेल. भाग काढलेले डबे हलके भरतात, तो फरक स्थिती अहवालातल्या रकान्याशी ताडून बघता येतो. पैसे रोखीने घेऊ नका. संस्थेच्या खात्यात आले की मगच गेटपास. जीएसटी आणि भंगार विकताना खरेदीदाराकडून गोळा करायचा टीसीएस हा कर तुम्हाला लागू आहे का, हे बिल करण्याआधी सनदी लेखापालांना विचारा. संस्थेची नोंदणी आणि उलाढाल बघून ते सांगतील.

शेवटची नोंद डेडस्टॉकमध्ये. ओळ खोडू नका, पान फाडू नका, पांढरी शाई तर अजिबात नको. त्या सत्तावीस ओळींसमोर लाल शाईने ठराव क्रमांक, तारीख, विक्रीची पावती आणि प्राचार्यांची सही, आणि शिल्लक रकान्यात कमी झालेला आकडा. तुमच्या बाबतीत त्या पानावर शिल्लक शून्य येणार नाही. तीन येईल, किंवा शोधाशोधीत एखादा सापडला तर दोन. त्या ओळी चौकशीचा निकाल लागेपर्यंत तशाच उघड्या ठेवा, आणि कुणी काहीही म्हणालं तरी पेन्सिलनेसुद्धा त्यांवर काही लिहू नका.